मोडलेली फाईल, दोन मतं आणि कॅप काढण्याआधीचा पुरावा

प्रश्न: सोळा महिन्यांपूर्वी खालच्या उजव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली, सगळे मिळून १४ हजार रुपये दिले. आता हिरडीवर पुटकुळी येते, पू येतो. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की दाढेच्या मुळाच्या आत फाईलचा, म्हणजे कॅनाल साफ करायच्या बारीक सुईचा, तुकडा अडकलाय, पुन्हा रूट कॅनाल करा. तिसरे म्हणतात, ऑपरेशन करून मुळाचं टोक कापावं लागेल. पहिल्या डॉक्टरांनी तुकड्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. आता ते म्हणतात, 'फुकट करून देतो, एका कागदावर सही करा.' सही करू का? केस होते का? — एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: सही करू नका आणि कॅपही अजून काढू देऊ नका. पुन्हा रूट कॅनाल करा किंवा ऑपरेशन करा, त्यात आजची स्थिती नाहीशी होणार. दोन डॉक्टरांच्या वादाचं उत्तर आणि तुमच्या केसचं उत्तर 'दाढ का बिघडली' या एकाच प्रश्नात आहे. त्यामुळे ते आधी कागदावर आलं पाहिजे.

दोन्ही उपाय करतात काय, ते बघू. पुन्हा रूट कॅनाल म्हणजे वरून शिरून कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा जुना गटापर्चा काढायचा, कॅनाल हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुवून स्वच्छ करायचे, बहुधा मधल्या भेटीत औषध भरून ठेवायचं आणि मग नव्याने बंद करायचे. ऑपरेशनमध्ये हिरडी उघडून, हाड थोडं काढून मुळाचं साधारण ३ मिलिमीटर टोक कापतात, खालून तेवढंच खोल साफ करून एमटीएसारख्या सिमेंटने बुजवतात. म्हणजे पहिल्यात घाण काढतात, दुसऱ्यात बाहेर पडण्याची वाट बंद करतात. आत नीट साफ न झालेला कॅनाल असेल आणि खालून फक्त बूच मारलं, तर जंतू आतच राहतात आणि बूच थोडं जरी गळलं तरी दुखणं परत येतं. म्हणून जुनं भरण आखूड किंवा सैल असेल आणि वरून आत जाता येत असेल, तर साधारणपणे आधी पुन्हा रूट कॅनाल करतात. आत जाताच येत नसेल, कॅपच्या आधारासाठी मुळात बसवलेली मजबूत पोस्ट काढताना मूळ फुटण्याची भीती असेल किंवा भरण चांगलं असूनही टोकाशी जखम टिकून असेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो.

तुमच्या बाबतीत लहान क्षेत्राचं सीबीसीटी, म्हणजे दाढेचं त्रिमितीय चित्र देणारं, स्कॅन करून घ्या. साधा एक्स-रे एका दिशेने काढलेली सावली असते, त्यात पुढचे-मागचे भाग एकावर एक येतात. स्कॅनच्या रिपोर्टमधून तीन गोष्टी कळायला हव्यात. एक, जंतुसंसर्गाने हाड झिजल्याची काळी जागा पुढच्या मुळाच्या टोकाशी आहे, मागच्या की दोन्हीकडे. दोन, तुकडा कॅनालच्या सरळ भागात आहे की वळणापलीकडे. तीन, मुळाचं टोक जबड्यातल्या नसेच्या नळीपासून किती लांब आहे.

खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात बहुधा दोन कॅनाल असतात आणि कित्येकदा ते टोकाजवळ एकमेकांना मिळतात. तुकडा त्यांपैकी एकात असेल, तर दुसऱ्यातून उतरून टोक साफ करता येण्याची शक्यता असते. तुकडा काढलाच पाहिजे असं नाही, त्याच्या बाजूने वाट काढली तरी पुरतं. तो खोल वळणापलीकडे असेल तर काढण्याच्या हट्टात मूळ पातळ होतं किंवा त्याला भोक पडतं. मग काळी जागा त्याच मुळाशी असेल आणि नस पुरेशी दूर असेल, तर आधी बाकीचे कॅनाल पुन्हा साफ करून, त्यानेही जखम न भरल्यास त्या मुळाचं ऑपरेशन, असा क्रम पटण्याजोगा आहे. काळी जागा फक्त मागच्या मुळाशी निघाली, तर तुकडा कदाचित निर्दोषच असेल आणि दोष मागच्या आखूड भरणाचा असेल. हिरडीत एकाच जागी अरुंद, खोल खड्डा सापडला तर मूळ उभं तडकल्याची शंका घ्यावी. ती खरी ठरली तर हे दोन्ही उपाय सहसा बाद होतात, त्या मुळाचा किंवा दाढेचाच निरोप घ्यावा लागतो.

आता कायदा. रूट कॅनाल अयशस्वी झालं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं न्यायालय धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात कसोटी घातली ती अशी: त्या क्षेत्रातल्या साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का? वळणदार कॅनालमध्ये फिरणाऱ्या फाईलवर ताण येऊन ती मोडू शकते, चांगल्या हातातही. तेवढ्यावर केस उभी राहत नाही. पण तुकडा राहिला आणि रुग्णाला सांगितलं नाही, त्यावर कॅप बसवली, तर प्रश्न बदलतो. तुम्हाला उपाय निवडायची संधीच मिळाली नाही. मला तुमच्या केसची खरी ताकद इथे दिसते.

तेव्हा पहिल्या दवाखान्याकडून लेखी मागणी करून उपचारकार्ड, संमतिपत्र, बिलं आणि सगळे एक्स-रे, प्रिंट नव्हे तर मूळ डिजिटल फाईल, मागा. शेवटचा एक्स-रे महत्त्वाचा. धातूचा तुकडा गटापर्चापेक्षा उजळ आणि टोकदार कडांचा दिसतो. तो त्या दिवशीच्या फोटोत असेल, तर 'माहीत नव्हतं' हे म्हणणं टिकणं कठीण. मागणी स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा.

उपचार ज्यांच्याकडे कराल, त्यांच्याकडून सुरू करण्याआधी कारणांसह लेखी मत घ्या: हाच उपाय का, दुसरा का नाही. उपचारात काय सापडलं, किती कॅनाल होते, तुकडा निघाला की बाजूने गेले, याची नोंद करायला सांगा. तुकडा निघाला तर डबीत नाव-तारीख लावून तुम्हीच ठेवा. ऑपरेशन झालं तर काढलेली ऊती तपासायला पाठवा.

मुदत मात्र हातची घालवू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत. 'मला आता कळलं' हा मुद्दा मांडता येतो, पण पोटात राहिलेल्या कापसाच्या श्रीखंडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की त्रास आधीपासून जाणवत असताना चौकशीच केली नाही, तर मुदतीचा फायदा मिळत नाही. म्हणून सुरक्षित हिशेब कॅपच्या तारखेपासून करा. तुमच्याकडे आठ महिने आहेत. जखम भरून आली का हे कळायला बहुतेक वेळा सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर थांबलात तर मुदत संपेल. उपचार चालू असतानाच ई-जागृती पोर्टलवरून नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. पोलिसांकडे जाण्यात या प्रकरणी अर्थ दिसत नाही, जेकब मॅथ्यूने तो दरवाजा फारच अरुंद केला आहे.

फुकट उपचाराची ऑफर घ्यायचीच असेल, तर 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' हे वाक्य कागदातून काढून 'माझे हक्क राखून स्वीकारतो' असं लिहून मगच घ्या. पण तुकड्याबद्दल गप्प राहिलेल्या हातानेच तो शोधावा का, हा प्रश्न उरतोच. माझा कल एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, जाऊन खर्च तक्रारीत मागण्याकडे आहे: नवे उपचार, कॅप पुन्हा बसवण्याचा खर्च आणि पहिल्या बिलाचा परतावा. त्यासाठी पावत्या एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा.