लघवीच्या कल्चर रिपोर्टमधला सर्वांत कमी एमआयसी म्हणजे सर्वांत चांगलं औषध का?

"आईच्या लघवीत ई. कोलाय जंतू, मिलिलिटरमागे १ लाखाहून जास्त. मेरोपेनेमपुढे एमआयसी ०.२५, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६. मग मेरोपेनेमच द्यायचं ना?"

नाही. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण. हे आकडे एका औषधाचे दुसऱ्याशी ताडायचे नसतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. अमेरिकी सीएलएसआय संस्थेच्या निकषांनुसार ई. कोलायसाठी मेरोपेनेम १ पर्यंत आणि नायट्रोफ्युरँटॉइन ३२ पर्यंत 'एस', म्हणजे लागू पडणारं, धरतात, म्हणजे इथे दोन्ही चालतात. आईंना नुसती जळजळ असेल, ताप किंवा कुशीत दुखणं नसेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन उत्तम, कारण ते लघवीत भरपूर साठतं. मात्र रक्तात आणि किडनीच्या ऊतींत ते पुरेसं पोहोचत नाही. म्हणून थंडी-ताप असेल तर रिपोर्टवर 'एस' असूनही ते उपयोगाचं नाही. किडनी बरीच कमजोर असली तरीही टाळतात, त्यामुळे डॉक्टरांना किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन दाखवाच. मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं, ते गंभीर आजारासाठी राखून ठेवायला हवं.

आणि १ लाख या आकड्यानं घाबरू नका. आईंना काहीच त्रास नसेल, तर उतारवयात बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही. गर्भवतींची गोष्ट वेगळी. उलट, स्पष्ट जळजळ असेल तर एकाच जंतूची १ हजार वाढसुद्धा खरी असू शकते. तीन-चार जंतू एकत्र उगवले असतील, तर नमुना बहुतेक दूषित झालाय. मधल्या धारेचा पुन्हा द्या.