एकाच नृत्याचे तीन फोटो, निवडायचा एक

प्रश्न : स्नेहसंमेलनातल्या एकाच समूहनृत्याचे तीन फोटो आहेत. पहिला फार उठावदार आहे, पण कडेची मुले अंधारात आहेत. दुसऱ्यात प्रकाश सगळीकडे सारखा आहे, पण काही चेहरे झाकले गेलेत. तिसऱ्यात चेहरे दिसतात, पण मागे बॅनर आणि माइकचा स्टँड आला आहे. वार्षिक अंकात पानभर छापायला कोणता घ्यावा?

उत्तर : तिन्ही फोटो मी मूळ आकारात मोठे करून पाहिले. माझ्या मते तिसरा घ्यावा. अशा निवडीत ‘कोणता फोटो जास्त छान दिसतो’ यापेक्षा ‘कोणता दोष नंतर दुरुस्त होणार नाही’ हे आधी पाहावे लागते, आणि त्या कसोटीवर तिन्ही फोटोंचा क्रम पार बदलतो.

सुरुवात चेहऱ्यांपासून करा. मंचावर बारा मुले आहेत. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून मोजल्यास दुसऱ्या फोटोत नऊच चेहरे पूर्ण दिसतात. दोघींचे चेहरे पुढच्या मुलींच्या उंचावलेल्या हातांमागे गेले आहेत आणि उजवीकडून तिसऱ्या मुलाचे डोळे मिटलेले आहेत. प्रकाश कितीही समतोल असला, तरी हाताआड गेलेला चेहरा परत आणता येत नाही. शिवाय वार्षिक अंक घरी गेला की प्रत्येक पालक आधी आपले मूल शोधतो. त्या दोघींच्या घरी हा फोटो त्यांचा नसेलच. त्यामुळे दुसरा फोटो मी इथेच बाजूला ठेवला.

पहिल्या फोटोबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण त्यातला खरा दोष तुम्ही म्हणता त्या अंधारात नाही. कडेच्या मुलांचे चेहरे काळवंडलेले असले तरी त्यांत तपशील शिल्लक आहे. ते उजळ करता येतील, फक्त थोडे रंगीत दाणे दिसू लागतील. आता मधल्या दोन मुलींचे कपाळ आणि गाल मोठे करून पाहा. तिथे त्वचेचा पोत उरलेलाच नाही, नुसता सपाट पांढरा डाग आहे. मागचा पडदा काळा असल्यामुळे कॅमेऱ्याने एकंदर दृश्य अंधारे समजून जास्त प्रकाश घेतला आणि झोतात उभे असलेले चेहरे जळाले. जेपीईजी फोटोत असा भाग कितीही गडद केला तरी तो करडा होतो, चेहरा परत येत नाही. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख पाहून हे सहजी लक्षात येत नाही, कारण काळ्या पडद्यामुळे त्याचा बहुतेक भार डाव्या, म्हणजे अंधाराच्या बाजूला असतो आणि दोन लहान चेहऱ्यांचा वाटा उजव्या टोकाशी जेमतेम रेघेएवढा दिसतो. म्हणून तुलना नेहमी चेहऱ्यांवरच करावी. दिवे लाल किंवा निळे असतील तर आणखी सावध राहा : लाल झोतात बाकीचे रंग ठीक असताना फक्त लाल रंग टोकाला जातो आणि नाक-गालांचे उठाव पुसले जाऊन चेहरा रंगाच्या ठिपक्यासारखा दिसतो.

तिसऱ्या फोटोत अकरा चेहरे स्पष्ट आहेत, बारावा अर्धवट वळलेला असला तरी ओळखू येतो, आणि एकही जळालेला नाही. राहिला मागचा पसारा. फोटो अंगठ्याएवढा लहान करून, डोळे किलकिले करून पाहा. माझी नजर आधी बॅनरवरच्या पांढऱ्या अक्षरांवर गेली, मग मुलांवर. नजर सर्वांत उजळ जागेकडे ओढली जाते आणि इथे अक्षरे चेहऱ्यांपेक्षा उजळ आहेत. फक्त बॅनरचा भाग निवडून तो चेहऱ्यांपेक्षा थोडा गडद होईपर्यंत उतरवा. पूर्ण काळा करू नका, नाहीतर केसांभोवती कडा दिसतील. माइकचा स्टँड डाव्या कडेला मोकळ्या जागेत आहे, कोणाच्या अंगावर नाही, म्हणून तो कातरून टाकता येतो. फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे. डावीकडून ७०० गेले तरी ५३०० उरतात, आणि ८ इंच रुंद छपाईला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, २४०० पुरतात. कातरताना कडेच्या मुलीचा पसरलेला हात मनगटापाशी तुटणार नाही, एवढे मात्र सांभाळा. हाच स्टँड एखाद्या चेहऱ्यासमोर असता, तर माझा सल्ला वेगळा असता.

शेवटची तपासणी स्क्रीनची उजळता निम्म्यावर आणून करा. एकदा मी पूर्ण उजळतेवर फोटो निवडला आणि छापून आल्यावर मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येईनात. कागदाला स्वतःचा उजेड नसतो आणि शाई पसरल्याने गडद भाग आणखी गडद होतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागच्या रांगेतली डावीकडची दोन मुले याच धोक्यात आहेत. त्यांचे चेहरे आधी थोडे उजळ करा, आणि छापखान्याकडून त्या एका पानाचा नमुना त्याच कागदावर काढून घ्या.