आजीसाठी गेमचं ट्युटोरियल मराठीत लिहिताना

प्रश्न: आजीला रंगीत ठोकळे जुळवायचा मोबाइल गेम शिकायचाय. ट्युटोरियल फक्त इंग्रजीत आहे, म्हणून मी ते मराठीत लिहून देतोय. पण बटणांची नावं आणि गेममधले शब्द दर पानावर बदलतायत. एकसारखे कसे ठेवू?

उत्तर:

वाक्यं लिहायच्या आधी शब्दांचे दोन गट करा. एका गटात आजीला स्क्रीनवर दिसणारे शब्द, दुसऱ्यात फक्त तुमच्या समजावण्यात येणारे.

Play, Continue, Moves हे पहिल्या गटातले. त्यांचं भाषांतर करू नका. कागदावर ‘खेळा’ असेल तर आजी स्क्रीनवर ‘खेळा’ शोधत बसेल. अक्षरं दिसतात तशीच उतरवा. तिला इंग्रजी वाचता येत नसेल, तर उच्चार देवनागरीत लिहा आणि जोडीला रंग व जागा सांगा: ‘खाली मधोमध असलेलं हिरवं प्ले बटण’. हे वर्णनही पुढे तसंच ठेवा. एका पानावर ‘हिरवं बटण’ आणि दुसऱ्यावर ‘खालचं मोठं बटण’ लिहिलंत, तर तिला ती दोन वेगळी बटणं वाटतील.

दुसऱ्या गटात मात्र मराठी शब्द घ्या आणि एका गोष्टीला एकच. ट्युटोरियल लिहिणारे स्वतःच गोंधळ घालतात: तीच वस्तू कुठे टाइल, कुठे पीस, कुठे ब्लॉक. तुम्ही सगळीकडे ‘ठोकळा’च लिहा. बोटाच्या हालचालींचंही तसंच. टॅप, टच, प्रेस या तिन्हींसाठी ‘दाब’, स्वाइपसाठी ‘सरकव’, आणि बोट न उचलता थांबायचं असेल तेव्हाच ‘दाबून धर’. आजीला तुम्ही ‘तू’ म्हणत असाल तर ‘दाब’, ‘तुम्ही’ म्हणत असाल तर ‘दाबा’; पण मधेच बदल नको.

मराठीत आणखी एक अडचण येते ती विभक्तीची. ‘Playवर’, ‘Continueने’ असं लिहिलं की नावाला शेपूट चिकटतं आणि स्क्रीनवरच्या शब्दाशी ते जुळवून पाहणं कठीण होतं. म्हणून नावापुढे ‘हे बटण’ जोडा आणि प्रत्यय ‘बटण’ या शब्दाला लावा: ‘Play या बटणावर दाब’. नाव जसंच्या तसं राहतं.

आता एक नमुना. समजा, ट्युटोरियल म्हणतं की शेजारच्या दोन टाइल्सची अदलाबदल करा, तीन जुळवा, प्रत्येक अदलाबदलीला एक मूव्ह खर्च होते. मी असं लिहीन:

‘एक ठोकळा शेजारच्या ठोकळ्याच्या जागी सरकव. एकाच रंगाचे तीन ठोकळे एका ओळीत आले की ते नाहीसे होतात. अशा प्रत्येक अदलाबदलीला एक चाल संपते. वर Moves लिहिलंय, तिथला आकडा म्हणजे उरलेल्या चाली.’

Moves आणि ‘चाल’ यांची गाठ इथे एकदाच घालून दिली. पुढे सगळीकडे फक्त ‘चाल’. ओळ आडवी चालते तशी उभीही चालत असेल तर तेही लगेच सांगा, कारण ‘ओळ’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आडवीच येते.

सगळ्यात जास्त काळजी Continue सारख्या बटणाची घ्या. काही गेममध्ये हेच नाव दोन पडद्यांवर येतं. जिंकल्यावर दाबलं तर पुढची लेव्हल उघडते. चाली संपल्यावर दाबलं तर नाणी खर्चून जास्तीच्या चाली मिळतात, आणि नाणी नसतील तर खरे पैसे मागणारं दुकान उघडू शकतं. नाव बदलू नका, पण प्रत्येक वेळी पडदा सांगा: ‘जिंकल्यावर दिसणारं Continue हे बटण’, ‘चाली संपल्यावर दिसणारं Continue हे बटण’. दुसऱ्यासाठी काय करायचं तेही त्याच वाक्यात लिहा: ‘हे दाबू नकोस, कोपऱ्यातली फुली दाब’. शिवाय फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवा. ते काम कागदावर सोडू नये.

ट्युटोरियल बहुधा एकदाच दिसतं. म्हणून आधी तुमच्या फोनवर गेम नव्याने सुरू करून प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावरूनच लिहा, आठवणीवर विसंबू नका. कागदाच्या वर तारीख टाका. अपडेटनंतर बटणाचं नाव किंवा जागा बदलली, तर कागद जुना झालाय हे लगेच कळेल.

लिहून झालं की फाइलमध्ये ‘टॅप’, ‘क्लिक’, ‘टाइल’, ‘मूव्ह’ असे टाळायचे शब्द शोधून बदला. मग आजीला एकेक वाक्य वाचायला द्या आणि स्क्रीनशॉटवर नुसतं बोट दाखवायला सांगा. खेळ चालू नसल्यामुळे काही बिघडायची भीती नसते. बोट घुटमळलं की तो शब्द कुठे वेगळा पडलाय का ते बघा. तिने स्वतःहून ठोकळ्याला ‘गोटी’ म्हटलं, तर सगळ्या कागदावर ‘गोटी’ करून टाका.