मित्राच्या नावावर शेतजमीन घ्यायची, नोटरी करून ठेवली की झालं?

प्रश्न: माझ्याकडे शेतकरी दाखला नाही. पैसे माझे, सगळे व्हाइटचे, बँकेतून देणार. मित्र शेतकरी आहे, त्याच्या नावावर जमीन घेऊन आमच्यात नोटरी करून ठेवली तर काय प्रॉब्लेम आहे?

मी वकिली करतो आणि कामं जास्त करून जमिनीचीच असतात, त्यामुळे सरळच सांगतो, हा बेनामी व्यवहार आहे आणि तुमची ती नोटरी म्हणजे त्याचा लेखी पुरावा.

बहुतेकांना वाटतं बेनामी म्हणजे काळा पैसा. तसं नाहीये. पैसे एकाने दिले, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर झाली आणि फायदा मात्र पैसे देणाऱ्याचाच राहणार, एवढं झालं की कायद्याच्या व्याख्येत बसलं. पैसा पांढरा असणं बायको किंवा मुलांच्या नावावर घेताना उपयोगी पडतं, तिथे तशी सूट आहे. भाऊ-बहीण किंवा आईवडील असतील तर कागदावर त्यांच्यासोबत तुमचंही नाव लागतं. मित्र यात कुठेच नाही, कितीही जिगरी असू दे.

आता समजा जमीन 38 लाखांची आहे. खरेदीखत मित्राच्या नावावर झालं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं. तुमच्याकडे काय, तर 500 च्या स्टॅम्पवर "रक्कम यांनी दिली, माझे फक्त नाव लावले आहे, मागतील तेव्हा करून देईन" असं लिहिलेला कागद. दोन वर्षांनी मित्र वारला. (वाईट चिंतत नाही, पण असंच होतं.) त्याच्या बायकोने आणि मुलांनी तलाठ्याकडे वारस नोंद केली, आणि त्या बाईंना तुमच्या कागदाची कल्पनाही नाही किंवा असली तरी त्या आता नाही म्हणतायत. तुम्ही कोर्टात जाणार, तर 1988 च्या बेनामी कायद्याचं कलम 4 सांगतं की बेनामी मालमत्ता माझी आहे म्हणून दावाच करता येत नाही. त्यांनी तुम्हाला तिथून हुसकावण्यासाठी केस केली तर खरा मालक मी आहे हा बचावही घेता येत नाही. आणि मित्राने स्वतःहून परत तुमच्या नावावर करून द्यायचं म्हटलं तर कलम 6 ते अडवतं, शिवाय तुम्हाला शेतकरी दाखला नाही तो नाहीच. कुलमुखत्यारपत्र घेऊ म्हणाल तर तो गेला की तेही गेलं, मृत्युपत्र म्हणाल तर ते तो उद्या बदलू शकतो.

हे झालं घरातलं. सरकारकडून काय होतं ते वेगळंच. 30 लाख आणि त्यावरच्या खरेदीची माहिती दुय्यम निबंधक ऑफिसमधून इन्कम टॅक्सला जातेच. तिथे दिसतं की वर्षाला चार लाख उत्पन्न दाखवणाऱ्या माणसाने 38 लाखांची जमीन घेतली, आणि बँकेतून दिलेत म्हणून तुम्ही निर्धास्त आहात ना, तर त्याच बँक एंट्रीवरून पैसे तुमच्याकडून आले हे पाच मिनिटात कळतं. मग कलम 24 ची नोटीस मित्राला जाते आणि तुमचं नाव कळलेलं असेल तर एक प्रत तुम्हालाही. जमीन तात्पुरती जप्त होते, पुढे प्रकरण निवाडा प्राधिकरणाकडे जातं आणि तिथे बेनामी ठरलं की जमीन केंद्र सरकारजमा. भरपाई शून्य, 38 लाख गेले. अपील आहे, पण तोवर जमीन अडकलेलीच.

शिक्षा वेगळी. कलम 53 मध्ये एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. ते कलम लागतं कधी, तर कुठल्याही कायद्याला बगल द्यायला असा व्यवहार केला असेल तेव्हा. तुमचा हेतूच शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची ही कूळकायद्यातल्या कलम 63 ची अट चुकवायचा आहे, मग टॅक्स भरलाय हे सांगून तिथे काय फायदा?

आणि लोकांना अजून न कळलेली गोष्ट अशी की ऑक्टोबर 2024 पासून ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याने सगळं खरं सांगितलं तर त्याला शिक्षेतून माफी मिळू शकते. खऱ्या मालकाला ती सोय नाही. म्हणजे नोटीस आली की तुमच्या मित्राचा वकील त्याला पहिला सल्ला काय देईल याचा विचार करा.

त्यापेक्षा वडिलांचे, आजोबांचे जुने सातबारे, फेरफार, आठ-अ शोधा. बऱ्याच जणांचं गावाकडे सामाईक गटात गुंठा-दोन गुंठे नाव निघतं, फक्त वारस नोंद राहिलेली असते, ती झाली की तुम्ही स्वतःच खातेदार आणि जमीन सरळ तुमच्या नावावर. तसं काही नसेल तर कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते, नाहीतर एनए प्लॉट बघा. आणि मित्राच्या खात्यात इसाराचे पैसे आधीच टाकले असतील तर खरेदीखत व्हायच्या आत बँकेतूनच परत घ्या, रोखीने नको.