अड्डा 'मारतात' आणि 'देतात'ही

"बंगाली लोक सारखं 'अड्डा, अड्डा' करतात. शेवटी गप्पाच ना त्या? मग त्याचं एवढं कौतुक कशाला?" असं तुम्ही तुमच्या बंगाली मित्रांबद्दल विचारलंत.

बदली होऊन कोलकात्याला गेलो, त्याच आठवड्यात बँकेतला एक सहकारी म्हणाला, "संध्याकाळी आमचा अड्डा असतो, ये." मी सांगलीकडचा. आमच्याकडे अड्डा म्हणजे मटक्याचा, नाहीतर गावठीचा, आणि पेपरात त्याच्यापुढचा शब्द 'उद्ध्वस्त' हाच असतो. दोन दिवस मी काहीतरी कारणं सांगून टाळलं. नंतर कळलं की माझी शंका अगदीच बाष्कळ नव्हती. बंगालीतही हा शब्द आधी अफूच्या, गांजाच्या बैठकीला लावत, आणि 'अड्डाबाज' ही शिवीच्या जवळची गोष्ट होती. विसाव्या शतकात शिकलेल्या मध्यमवर्गाने तो शब्द उचलला, धुतला आणि दिवाणखान्यात आणून बसवला.

आता तुमचा प्रश्न. बंगालीत गप्पांसाठी शब्दांचा तुटवडा नाही. सहज बोलणं म्हणजे 'गल्पो कोरा'. वायफळ बडबड म्हणजे 'भाट'. लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या म्हणजे 'पीएनपीसी', पूर्ण रूप 'परनिंदा-परचर्चा'. सरकारी खात्याच्या नावासारखं हे लघुरूप लोक गंभीर चेहऱ्याने वापरतात. गंभीर चर्चा ती 'आलोचना', वाद तो 'तर्क'. एवढं सगळं हाताशी असताना अड्ड्याला वेगळा शब्द ठेवलाय, तो काही उगाच नाही. अड्डा मारतात, जशा आपण गप्पा मारतो. पण अड्डा 'देतात'ही: 'अड्डा दिच्छि'. आणि रंगला की तो 'जमतो'. मैफल जमते, दही जमतं, तसा. हे तिसरं क्रियापद आपलंच असल्यामुळे मला लगेच समजलं. 'देणं' समजायला मात्र वर्ष गेलं.

आमचा अड्डा श्यामबाजारच्या एका गल्लीत, एका जुन्या घराच्या रोआकवर बसायचा. रोआक म्हणजे रस्त्याकडेच्या भिंतीला लागून बांधलेला ओटा, बोलताना नुसतं 'रॉक'. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांना तो हमखास असतो. घराच्या आत नाही, रस्त्यावरही नाही, अशी ती जागा. त्यामुळे कुणी यजमान नसतो आणि कुणी पाहुणाही नसतो. साडेसातच्या सुमाराला माणसं येऊ लागत. वेळ कुणी ठरवली होती, ते कुणालाच आठवत नव्हतं. पाच-सहा जण नेहमीचे: एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक औषधाच्या दुकानात काम करणारा, एक शाळामास्तर, एक विमा एजंट, माझा सहकारी आणि नंतर मी. रेल्वेवाले सगळ्यात मोठे. त्यांना सगळे 'मेजदा', म्हणजे मधला भाऊ, म्हणायचे. कुणाचा मधला भाऊ, हे मी चार वर्षांत विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. समोरच्या टपरीवरून मातीच्या भांडांतून चहा यायचा. भांड म्हणजे दोन-तीन घोटांत संपणारा छोटा कुल्हड, त्यामुळे एका संध्याकाळी तीन-चार होतात. पैसे ज्याच्या हाताला सुट्टे लागतील तो द्यायचा. सिगरेट दोघांत एक. उरलेली अर्धी मागताना 'काउंटार दे' म्हणायचं.

एक संध्याकाळ सविस्तर सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल. पावसाळा होता. विमावाला बाजारातून इलिश न घेताच परतला होता आणि भावावरून चिडला होता. त्यावरून पद्मेचा इलिश चांगला की गंगेचा, हे निघालं. हा प्रश्न वरवर माशाचा असतो. खरं तर तो पूर्व बंगालमधून आलेले 'बांगाल' आणि इथलेच 'घोटी' यांच्यातला असतो, त्यामुळे पाच मिनिटांत गाडी फुटबॉलवर आली: ईस्ट बेंगाल की मोहन बागान. मोहन बागान निघालं की १९११ टळत नाही. त्या वर्षी त्यांनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना २–१ असं हरवलं, तेही अनवाणी. मास्तर म्हणाले, अकराच्या अकरा अनवाणी. मेजदा म्हणाले, नाही, एकाच्या पायात बूट होते. यावर तीन बाजू तयार झाल्या. तिसऱ्या बाजूला फक्त औषधवाला, त्याचं म्हणणं असं की चिखलात बुटांपेक्षा अनवाणी पाय कसे सरस ठरतात हे आधी बोलू.

इथे मी माझी अक्कल पाजळली. फोन काढला, शोधलं आणि वाचून दाखवलं: लेफ्ट बॅक सुधीर चॅटर्जी यांनी बूट घातले होते, बाकी दहा अनवाणी.

सगळे गप्प. मेजदा बरोबर होते, पण त्यांचाच चेहरा सगळ्यात पडलेला. ते म्हणाले, "एबार की निये झोगडा कोरबो?" आता भांडायचं कशावरून?

मला त्या वेळी वाटलं, मी मदत केली. नंतर लक्षात आलं की मास्तरांना उत्तर नको होतं. मेजदांनी आपलं म्हणणं कसं उभं केलं असतं ते त्यांना ऐकायचं होतं, आणि मग ते कसं पाडायचं हे बघायचं होतं. गप्पांमध्ये माहिती सांगितली की काम झालं. अड्ड्यात माहिती हा नुसता सरपण, सगळा एकदम चुलीत घातला की जाळ विझतो. 'देणं' म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आपली वेळ, आपलं मत, आपली थापसुद्धा मध्ये टाकायची आणि ती दुसऱ्याला उचलू द्यायची. परत मागायची नाही.

त्या दिवशी औषधवाल्याने वाचवलं. तो म्हणाला, बूट कुठून घेतले असतील हो त्या माणसाने? झालं, बुटांवरून बेंटिंक स्ट्रीटवरच्या चिनी चांभारांची दुकानं, तिथून टांगऱ्याच्या चिनी लोकांच्या टॅनऱ्या, तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीस बजबजजवळ साखर कारखाना काढणारा पहिला चिनी माणूस आछु, ज्याच्या नावावरून गावाला आछिपुर म्हणतात. विमावाल्याने ठोकून दिलं की साखरेला 'चिनी' नाव त्याच्यावरूनच पडलं. मास्तर उसळले: तो शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे! मी फोनला हात लावला नाही. साडेनऊला कुणाच्या तरी घरून हाक आली आणि अड्डा मोडला. इलिशचा निकाल काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी विषय तिथूनच सुरू झाला असंही नाही, पण तीन आठवड्यांनी कुणीतरी "आछुच्या साखरेसारखं बोलू नकोस" म्हणालं आणि सगळे हसले. बाहेरच्याला तो विनोद कळला नसता.

फरक इथे आहे, असं मला वाटतं. गप्पा कुणाशीही होतात, रेल्वेत शेजारच्याशीही. अड्ड्याला तीच माणसं लागतात, तीच जागा लागते आणि मागची शिल्लक लागते. शिवाय स्वतःबद्दल फार बोलायचं नसतं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं हाडांचं दुखणं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, ते दुपारी किंवा फोनवर बोललं जायचं. रॉकवर बसलं की विषय जगाचा. आणि काम काढायचं नाही. विमावाल्याने चार वर्षांत मला एकदाही पॉलिसी विकली नाही. मी मात्र एकदा भाड्याच्या घराचं काम मेजदांसमोर काढलं. त्यांनी शांतपणे "काल सकाळी घरी ये" असं सांगितलं. बंगालीत 'काल' म्हणजे उद्याही, तेव्हा दुसऱ्या दिवशी गेलो आणि काम झालं. पण रॉकवर नाही.

विषयांची ही भटकंती वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं असली की जास्त खुलते. याचा जुना नमुना म्हणजे सुकुमार राय यांचा, म्हणजे सत्यजित राय यांच्या वडिलांचा, 'मंडे क्लब'. दर सोमवारी भरायचा. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी, संख्याशास्त्रात पुढे नाव काढलेले प्रशांतचंद्र महालनोबिस, गीतकार अतुलप्रसाद सेन असे लोक त्यात होते. खाण्यावर इतका भर की लोक त्याला 'मंडा क्लब' म्हणू लागले. मंडा म्हणजे तिथली एक मिठाई. बैठकीची निमंत्रणं सुकुमारबाबू विनोदी पद्यात लिहायचे. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. अल्बर्ट हॉलमध्ये कॉफी बोर्डाने ते १९४२ मध्ये सुरू केलं, आणि एका काळ्या कॉफीवर, तिथल्या भाषेत 'इन्फ्युजन'वर, तासन्‌तास बसता येतं ही त्याची ख्याती. मला मात्र ते आता पर्यटकांनी भरलेलं वाटलं. खरा अड्डा बघायचा तर तिथे जाऊ नका असं म्हणेन.

एक गोष्ट न सांगता राहिलो तर ते बरोबर होणार नाही. आमच्या रॉकवर चार वर्षांत एकही बाई बसली नाही. मेजदांच्या घरून हाक यायची ती नेहमी भाभींची, बंगालीत 'बौदीं'ची. एकदा त्या मला म्हणाल्या, "ह्यांचा अड्डा चाळीस वर्षं चालतोय, कारण साडेनऊला गरम भात चाळीस वर्षं तयार असतो." पूर्वी दिवाणखान्यात अड्डे बसत, तेव्हा चहाच्या फेऱ्याही आतूनच यायच्या. महाविद्यालयांच्या आणि कॉफी हाउसच्या टेबलांवर मुली आल्या, तिथे चित्र बदललं. पण गल्लीतल्या रॉकवर नाही.

आता ते घरही बिल्डरने घेतलंय. फ्लॅटच्या इमारतीला रोआक नसतो, खाली पार्किंग असतं. मंडळी टपरीच्या बाकावर सरकली, असं सहकारी सांगतो. बाक चौघांचा आहे, त्यामुळे दोघे उभे असतात.

आपल्याकडे कट्टा आहेच, आणि तोही असाच जमतो, नाही असं नाही. तेव्हा तुमच्या मित्रांना नावं ठेवण्याआधी एकदा जाऊन बसा. विषय काय आहे असं विचारू नका. मिठाईचा डबा नेऊ नका, पाहुणे व्हाल. उशिरा पोचलात तरी नमस्कार-चमत्कार नको, कडेला टेका. आधी आदराने 'आपनि' म्हणतील, महिन्याने ओळखीचं 'तुमि', आणि एखाद्या दिवशी भांडणाच्या भरात कुणाच्या तरी तोंडून अगदी जवळच्यांसाठीचं 'तुई' निघेल, ते लक्षात ठेवा. उठताना 'आशी' म्हणा. शब्दशः अर्थ 'येतो'. जाताना 'येतो' म्हणणारे आपणही आहोतच.