पियानोची हातोडी तारेला सोडते, तिथे सगळा फरक पडला

प्रश्न: हार्पसिकॉर्डपासून पियानो कसा तयार झाला? दिसायला दोन्हींच्या पट्ट्या सारख्याच. मग तारेवर हातोडी पडायला लागल्याने संगीतकारांच्या लिखाणात एवढा काय फरक पडला?

उत्तर:

मी पियानो सुरात लावायचं आणि दुरुस्त करायचं काम करते, त्यामुळे सुरुवात पट्टीच्या आत काय चालतं तिथूनच करते.

पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. लहानमोठेपणा भात्याच्या हातात असतो. हार्पसिकॉर्डची पट्टीही तशीच असते, आणि तिच्या मदतीला भातासुद्धा नसतो. पट्टीच्या मागच्या टोकावर एक उभी, पातळ लाकडी काडी असते. तिला जॅक म्हणतात. जॅकमध्ये एक छोटी जीभ असते आणि जिभेत पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा बसवलेला असतो. बहुतेक वेळा ते पीस डोमकावळ्याचं असायचं. पट्टी दाबली की जॅक वर जातो आणि पिसाचा तुकडा तार छेडतो, सतारीवर मिजराब छेडते तसा. खाली येताना जीभ मागे कलते, म्हणून तार पुन्हा छेडली जात नाही आणि जॅकवरचं कापड तिला शांत करतं.

पीस एका ठरावीक मर्यादेपर्यंतच वाकतं आणि मग तारेवरून निसटतं. तुम्ही हळू दाबा की जोरात, तार साधारण तेवढीच ताणली जाऊन सुटते, म्हणून आवाजही जवळपास तेवढाच येतो. यावर कारागिरांनी तारांचे दोन-तीन संच आणि पट्ट्यांच्या दोन ओळी असा उपाय काढला. बाखच्या १७३५ साली छापलेल्या ‘इटालियन कन्चेर्टो’मध्ये ‘फोर्ते’ म्हणजे जोरात आणि ‘पियानो’ म्हणजे हळू असे शब्द आहेत, पण त्यांचा अर्थ बोटांनी जोर कमीजास्त करा असा नाही. हात या ओळीवरून त्या ओळीवर न्या, असा आहे. आवाज पायरी चढल्यासारखा एकदम बदलतो, हळूहळू वाढत नाही. मोठा आवाज हवा असेल तर संगीतकार एका वेळी जास्त सूर लिहायचा, आणि एखाद्या सुराकडे लक्ष वेधायचं असेल तर त्यावर मुरकीसारखा अलंकार घालायचा.

बोटाने आवाज कमीजास्त करता येणारं एक वाद्य तेव्हाही होतं, क्लॅविकॉर्ड. त्यात पट्टीच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा तारेवर आदळतो आणि सूर चालू असेपर्यंत तिथेच टेकून राहतो. त्यामुळे आवाज इतका नाजूक असतो की खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही कान देऊन ऐकावं लागतं.

खरी अडचण इथे होती. जोरात आघात करायचा आणि तार मोकळी वाजू द्यायची, तर आघात करणाऱ्याने लगेच बाजूला व्हायला हवं. संतूरवादकाची कलम तारेवर पडून उसळते, कारण ती मनगटातून सुटी फिरते. पट्टीला जोडलेली हातोडी कशी उसळणार? बोट पट्टीवर दाबलेलं असेपर्यंत ती तारेला चिकटूनच राहील.

हे कोडं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने सोडवलं. तो मूळचा पादुआचा. १६८८ साली तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातल्या राजपुत्र फेर्दिनांदोच्या पदरी वाद्यकारागीर म्हणून आला. तिथल्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादीत ‘पियानो आणि फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात, वाजणाऱ्या त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे. सांगाडा हार्पसिकॉर्डचाच, पण आत जॅकच्या जागी हातोड्या. पट्टी हातोडीला वर ढकलते, पण तारेच्या जरा अलीकडे ढकलणारा भाग निसटतो आणि हातोडी शेवटचं अंतर स्वतःच्या वेगाने, सुटी जाते. तार वाजवून ती खाली पडते आणि पुन्हा उसळू नये म्हणून तिला अडवलं जातं. मध्ये एक तरफ असते. तिच्यामुळे बोटाच्या छोट्या हालचालीतून हातोडीला कितीतरी पट वेग मिळतो.

जवळपास पियानो असेल तर एक पट्टी अगदी सावकाश खाली न्या. तळाशी पोचण्याआधी बोटाला बारीकसा अडथळा लागेल आणि सूर येणारच नाही. तेच ते निसटणं. आजच्या पियानोत हातोडी तारेपासून साधारण दोन मिलिमीटरवर सुटते. हे अंतर बिघडून फार कमी झालं तर हातोडी तारेला घासते किंवा चिकटते आणि सूर गुदमरल्यासारखा लगेच मरतो. हळू वाजवल्यावर एकच सूर दोनदा थरथरला, तर मी पहिल्यांदा हेच अंतर तपासते. हातोडी सुटल्यानंतर बोटाचं तिच्यावर काहीच चालत नाही. सुटताना तिला जो वेग मिळाला असेल, तोच तुमचा आवाज.

या वाद्यासाठी पहिलं छापील संगीत १७३२ साली आलं, लोदोविको जुस्तीनीचे बारा सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना. त्यात हळू-जोरातच्या खुणा आहेत, पण लिखाणाची घडण अजून हार्पसिकॉर्डच्या वळणाचीच आहे. इटलीत वाद्य फारसं पसरलं नाही. ते रुजलं जर्मनीत. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोझार्टने आउग्सबुर्गला श्टाइन या कारागिराचे पियानो वाजवले आणि वडिलांना पत्र लिहून त्यातल्या या निसटत्या हातोडीचं कौतुक केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मानहाइमला त्याने लिहिलेल्या सोनाटाचा (के. ३०९) संथ भाग पाहा. फोर्ते आणि पियानो एकामागोमाग, काही ठिकाणी तर एकाच आवर्तनात येतात. त्या खुणा लिहिल्याप्रमाणेच पाळल्या पाहिजेत, असं त्याने घरी कळवलं होतं. इथे खुणा संगीताचा भागच झाल्या आहेत. त्या काढल्या तर वाक्यच मोडतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र जोराच्या खुणांमध्ये नाही. एकाच हाताला दोन वजनं मिळाली, तो खरा बदल. बेटहोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा घ्या (१८०१). पहिल्या भागात उजव्या हाताची आतली बोटं तीन-तीन सुरांचे गट अखंड वाजवत राहतात, आणि पाचव्या आवर्तनापासून त्याच हाताची करंगळी वर एक गाणं धरते. सगळंच अतिशय हळू वाजवायचं आहे, तरी करंगळीचा सूर बाकीच्यांवर तरंगला पाहिजे. हार्पसिकॉर्डवर तो सूर त्या गटांत बुडून जाईल, कारण पिसाला करंगळी आणि अंगठा सारखेच. गंमत अशी की १८०२ च्या पहिल्या आवृत्तीवर ‘हार्पसिकॉर्ड किंवा पियानोफोर्ते’साठी, असं छापलेलं होतं. हार्पसिकॉर्ड असलेली घरं अजून होती, आणि प्रकाशकाला त्यांनाही प्रत विकायची होती. आतलं संगीत मात्र पियानोचंच आहे.

शिकणाऱ्यांना मी हा भाग आधी मुद्दाम सगळी बोटं सारख्या जोराने वाजवायला सांगते. गाणं कुठे गेलं ते त्यांना सापडत नाही. मग फक्त करंगळीवर हाताचं थोडं वजन टाकायला सांगते, आणि गाणं वर येतं.