वावराची बोली मराठी, वावराच्या कागदाची फारसी

प्रश्न : दुकान, कागद हे शब्द अरबी-फारसीतून आले म्हणतात. त्यांचे मूळ अर्थ काय होते? आणि खेड्यातल्या रोजच्या मराठीतही असे शब्द खरंच एवढे आहेत का?

दुकान म्हणजे आधी बसायचा ओटा. अरबीतलं ‘दुक्कान’ म्हणजे उंच चौथरा, ज्यावर माल मांडून व्यापारी बसायचा. पुढे त्या ओट्यासकट सगळ्या जागेलाच दुकान म्हणू लागले, आणि फारसीमार्गे शब्द आपल्यापर्यंत आला तोवर ओटा मागेच राहिला होता.

कागदाचं तसं नाही. तो फारसीतही कागदच होता आणि त्याआधी समरकंदकडच्या सोग्दी भाषेतही कागदच. त्याच्या पोटात दुसरा काही अर्थ दडलेला नाही. पाहण्यासारखी गोष्ट एवढीच, की फारसीत त्याचे दोन उच्चार होते, एक शेवटी ‘द’चा आणि एक ‘ज़’चा. हिंदीने ‘काग़ज़’ उचलला, आपण ‘कागद’. कन्नडमध्येही कागदच म्हणतात. तेव्हा आपला शब्द हा हिंदीचा बिघडलेला अवतार आहे, असं कोणी सांगितलं तर खुशाल नाही म्हणा.

आता खेड्याचं. मी अचलपूर तालुक्यातला. माझे काका तहसीलीसमोर बसणारे अर्जनवीस (हाही फारसी घाटाचाच शब्द, ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा). शाळा सुटली की मी त्यांचे अर्ज उतरवून द्यायचो. तिथे आलेला माणूस तोंडाने सांगायचा ते बहुतेक देशी मराठी असायचं : वावर, धुरा, वखर, डवरणी, पऱ्हाटी. काका तेच कागदावर उतरवायचे, तेव्हा अर्धेअधिक शब्द अरबी-फारसी होऊन जायचे. मला हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा वाटतो. वावरात जे घडतं त्याची नावं जुनीच राहिली. सरकारला ज्याचा हिशेब हवा होता, तिथली नावं बदलली.

कारण उघड आहे. 1490 पासून अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. नंतर निजामशाही, मग मोगल, मग हैदराबादचा निजाम, आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. एवढा काळ वसुलीचं दफ्तर फारसी वळणाचंच राहिलं. पूर्व विदर्भात भोसल्यांचं राज्य असूनही वसुलीचे शब्द त्याच घराण्यातले. भंडारा-गोंदियाकडे ज्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, त्यातला मालगुजार म्हणजे ‘माल’, म्हणजे सारा, भरणारा.

हे दफ्तरी शब्द मग तोंडातही उतरले. पुण्याकडे शेतकरी म्हणतात, आमच्याकडे म्हातारी माणसं कास्तकार म्हणतात. ‘काश्त’ म्हणजे पेरणी, ‘कार’ म्हणजे करणारा. हंगाम म्हणजे फारसीत नुसता ‘समय’. खरीप आणि रबी हे त्याहून मजेशीर. खरीप म्हणजे पावसाळी आणि रबी म्हणजे हिवाळी, असं बरेच जण धरून चालतात. अरबीत मात्र ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबीअ’ म्हणजे वसंत. पेरणी पावसात आणि नाव शरदाचं, हे कसं? कारण नाव पेरणीवरून नाही, पीक हाती येण्यावरून पडलं. सारा पीक निघाल्यावर वसूल व्हायचा. पेरलं कधी याच्याशी दफ्तराला फारसं देणंघेणं नव्हतं. हरभरा, गहू फाल्गुनाच्या सुमारास घरात येतात, तिथे वसंत चपखल बसतो. आमच्या कपाशीला आणि तुरीला मात्र हे माप लागत नाही. तूर निघते पौषाच्या आसपास, कापसाची वेचणी तर त्यापुढेही चालते, तरी दोन्ही खरीपच. कारण आता सरकार पेरणीवरून हंगाम मोजतं आणि शब्द तेवढा जुना राहिला.

वारसांची नावं चढवताना पटवारी नोटीस लावतो, तिचा मायना साधारण असा असतो : ‘मौजा मजकूर येथील मयत खातेदाराचे वारस यांनी नावे दाखल करण्याचा अर्ज केला आहे. कोणाची हरकत असल्यास मुदतीत तक्रार करावी, अन्यथा फेरफार मंजूर करण्यात येईल.’ आता हीच नोटीस मूळ अर्थांनी वाचू. मौजा म्हणजे जागा, ठिकाण. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो. आज आपण छापलेल्या लिखाणालाच मजकूर म्हणतो. मयत म्हणजे मेलेला, मुदत म्हणजे काळाची लांबी, इथे फारसं काही बदललं नाही. दाखल म्हणजे आत आलेला. अर्ज म्हणजे समोर मांडणं, दाखवणं. हरकत म्हणजे हालचाल! हिंदीत ‘हरकत’ म्हटलं की कोणाची तरी करणी, चाळा. आपल्याकडे तीच हालचाल आडवी आली आणि आक्षेप झाली. तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं किंवा म्हणणं. तहसीलीच्या चकरा मारलेल्याला हे समजावून सांगायला नको. मंजूर म्हणजे नुसतं ‘पाहिलेलं’. नजर, मंजूर आणि कोर्टातला नाझर हे एकाच धातूचे, सगळे पाहण्याचे. साहेबाने कागद पाहिला, की झाला मंजूर.

नोटिशीतल्या दफ्तरी शब्दांत ‘फेरफार’ तेवढा आपला, फिरण्यातला. ‘खातेदार’ अर्धा आपला, कारण त्याचं शेपूट ‘दार’ फारसी आहे.

तहसील म्हणजे मुळात ऑफिस नव्हे, गोळा करणं. महसूल म्हणजे जे गोळा झालं ते. आणि ‘जाऊन काय हशील?’ असं आजी म्हणते, तो हशीलही त्यातलाच : जे हाती आलं ते. ह-स-ल ही तीन व्यंजनं तिन्हीकडे आहेत, हशीलात तेवढा ‘स’चा ‘श’ झाला. अरबी शब्दाचं घराणं ओळखायची हीच रीत. तीन व्यंजनं तीच ठेवून स्वर बदलतात, सुरुवातीला कधी ‘त’ किंवा ‘म’ लागतो आणि अर्थ मूळ खुंट्याभोवती फिरतो.

पण या रीतीने फसायलाही होतं. अर्ज, कर्ज आणि गरज हे कानाला भाऊभाऊ वाटतात. एका अर्जनवीसाने ते एकाच धातूचे म्हणून मला ठासून सांगितलेही होते. तसं नाही. अरबीत तिघांची पहिली अक्षरं वेगवेगळी आहेत, मधला ‘र’ आणि शेवटचं अक्षर तेवढं एक आहे, ते शेवटचं म्हणजे ‘ज़्वाद’. त्याचा अरबी उच्चार जड ‘द’सारखा. फारसीने त्याचा ‘ज़’ केला, आपण ‘ज’. मौज्यातला ‘ज’ही त्यातलाच. अर्ज म्हणजे मांडणं, ते वर आलंच. कर्जाचा धातू कापण्याचा, कुरतडण्याचा. कात्रीला अरबीत ‘मिक़राज़’ म्हणतात ती त्याच धातूवरून. आणि गरज म्हणजे मुळात निशाणा, ज्यावर नेम धरायचा ते.